स्लॅब वन-वे की टू-वे? आधी आधार बघा, मग भागाकार करा

स्लॅब वन-वे की टू-वे, असं विचारलं की बहुतेक तरुण इंजिनिअर लगेच कॅल्क्युलेटर हातात घेतात. लांब बाजू भागिले आखूड बाजू. उत्तर दोनपेक्षा जास्त आलं तर वन-वे, नाहीतर टू-वे. आयएस ४५६:२००० या आपल्या कोडप्रमाणे डिझाइन करतानाही हाच नियम वापरला जातो. मात्र तो चारही बाजूंना आधार असलेल्या स्लॅबपुरताच आहे, आणि घाईत नेमकी तीच अट सुटते. समोरासमोरच्या दोनच बाजूंना बीम असलेला स्लॅब अगदी चौरस असला तरी वन-वेच असतो, कारण भार जायला तिसरी जागाच नसते.

म्हणून ड्रॉइंग समोर आलं की भागाकार करण्याआधी पॅनेलच्या चारही कडांवरून बोट फिरवावं आणि प्रत्येक कडेला विचारावं: इथे भार खाली उतरतो का? कॉलमवर टेकलेला, पुरेशी खोली असलेला बीम असेल तर उतरतो. भार घेणारी भिंत असेल तर उतरतो. फ्रेमच्या इमारतीत स्लॅब टाकल्यावर मागाहून बांधलेली विटांची भिंत मात्र आधार धरायची नाही. डिझाइनच्या वेळी ती अस्तित्वात नसते, आणि उद्या घरमालक ती पाडूनही टाकू शकतो.

सगळ्यांत जास्त फसगत होते ती कन्सील्ड बीमने. हॉलमध्ये बीम लोंबायला नको, असा आग्रह आर्किटेक्ट किंवा ग्राहक धरतो. मग स्लॅबच्याच जाडीत चार सळया आणि रिंगा घालून ‘बीम’ दाखवला जातो. प्लॅनवर तो इतर बीमसारख्याच दोन रेघांनी काढलेला असतो, त्यामुळे पॅनेल चारही बाजूंनी बंद दिसतं. पण ताठपणा खोलीच्या घनाने वाढतो. २३० मिमी रुंदीचा आणि ३८० मिमी खोलीचा बीम हा तेवढ्याच रुंदीच्या १२५ मिमी पट्टीपेक्षा सुमारे २८ पट ताठ असतो. कन्सील्ड बीम स्लॅबसोबतच वाकतो. तो स्लॅबला धरून ठेवत नाही. पॅनेल ठरवताना ती रेघ पुसली आहे असं समजून पुढच्या खऱ्या बीमपर्यंतचा स्पॅन धरावा.

आता चारही कडांना खरा आधार आहे असं धरू. मग हा दोनचा आकडा कुठून येतो? स्लॅबच्या मध्यातून एक मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कल्पनेने कापा. एक आखूड दिशेने जाणारी, दुसरी लांब दिशेने. मध्यबिंदू दोघींचा एकच, म्हणून तिथे दोघी सारख्याच वाकल्या पाहिजेत. समान भाराखाली पट्टीचा झोल स्पॅनच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे आखूड पट्टीने घेतलेला भार wx आणि लांब पट्टीने घेतलेला wy यांचं नातं असं येतं:

```
wx · lx⁴ = wy · ly⁴
```

ही रँकिन-ग्राशॉफ यांची पद्धत. चौरस पॅनेलमध्ये भार निम्मा-निम्मा वाटला जातो. बाजूंचं प्रमाण १.२ झालं की आखूड दिशेला सुमारे ६७ टक्के जातो, १.५ ला ८३ टक्क्यांच्या वर, आणि २ ला १७ पैकी १६ भाग, म्हणजे ९४ टक्के. उरलेल्या सहा टक्क्यांसाठी वेगळं डिझाइन करण्यात अर्थ नसतो, म्हणून तिथे रेघ ओढली आहे. १.९ आणि २.१ या प्रमाणांच्या दोन स्लॅबच्या वागण्यात फारसा फरक नसतो, हे लक्षात ठेवलं की सीमारेषेवरच्या पॅनेलबद्दल वाद घालत बसावं लागत नाही. लांब दिशेतही भार थोडा जातोच. म्हणून वन-वे स्लॅबच्या आखूड कडेवर बीम असेल आणि स्लॅब त्यावरून पुढे जात असेल, तर तिथे वरच्या बाजूला थोड्या सळया द्याव्यात. नाहीतर त्या बीमच्या माथ्यावर लादीखाली सरळ रेषेत भेग उमटते.

वन-वे स्लॅबचे मोमेंट काढणं सोपं आहे. एक मीटर रुंदीचा बीम समजायचा. सुटा, दोन टोकांवर टेकलेला असेल तर wl²/८. सलग तीन किंवा अधिक स्पॅन असतील, भार सगळीकडे जवळपास सारखा असेल आणि सर्वांत मोठ्या स्पॅनच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक स्पॅनमध्ये नसेल, तर कोडच्या तक्ता १२ मधले गुणक वापरता येतात. त्यात कायम भार आणि चल भार वेगळे ठेवले आहेत, ते तसेच वेगळे ठेवावेत. शेवटच्या स्पॅनच्या मध्यावर कायम भाराला १/१२ आणि चल भाराला १/१०. शेवटून दुसऱ्या आधारावर अनुक्रमे १/१० आणि १/९. चल भाराचा गुणक मोठा, कारण माणसं आणि सामान एका स्पॅनवर असून शेजारचा रिकामा असू शकतो; स्लॅबचं स्वतःचं वजन असं हलत नाही. उदाहरणार्थ, स्पॅन ३ मीटर, गुणित कायम भार ६.१९ आणि गुणित चल भार ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर असेल, तर शेवटच्या स्पॅनच्या मध्यावर (६.१९/१२ + ३/१०) × ९ म्हणजे ७.३, आणि शेवटून दुसऱ्या आधारावर (६.१९/१० + ३/९) × ९ म्हणजे ८.६ किलोन्यूटन-मीटर. आधारावरचा मोमेंट मोठा असतो आणि त्याची सळई वर लागते.

टू-वे पॅनेलला जास्त विचार लागतो, म्हणून एक पॅनेल शेवटपर्यंत सोडवू.

इमारतीच्या कोपऱ्यातली बेडरूम घ्या. बीमच्या आतल्या अंगापासून मोजलेली मापं ३.५० × ४.२२ मीटर, बीमची रुंदी २३० मिमी. स्लॅबची जाडी १२५ मिमी धरू. २० मिमी कव्हर आणि ८ मिमी सळई धरली, तर खालच्या थरातल्या सळईची प्रभावी खोली १०१ मिमी आणि तिच्यावरच्या थराची ९३ मिमी. प्रभावी स्पॅन म्हणजे मोकळा स्पॅन अधिक प्रभावी खोली, किंवा आधारांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. यातलं कमी असेल ते. सलग स्लॅबलाही हाच नियम लागतो, मात्र आधाराची रुंदी मोकळ्या स्पॅनच्या बाराव्या भागापेक्षा कमी हवी. ३५०० चा बारावा भाग २९२, आपला बीम २३०, म्हणजे नियम लागू. खोली ढोबळ ०.१० मीटर धरून lx = ३.६० आणि ly = ४.३२ मीटर. प्रमाण १.२०. चारही कडांना खरे बीम आहेत. स्लॅब टू-वे.

भाराचा हिशेब असा. स्लॅबचं वजन ०.१२५ × २५ म्हणजे ३.१२५, फ्लोअरिंगचे १.०, आणि राहत्या खोलीसाठी आयएस ८७५ प्रमाणे चल भार २.०. बेरीज ६.१२५. त्याला १.५ ने गुणलं की w = ९.१९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर.

आता कडा. इथेच निम्म्या चुका होतात. तक्ता २६ मध्ये पॅनेलचे नऊ प्रकार दिले आहेत आणि प्रत्येक प्रकार कोणत्या कडा सलग आहेत आणि कोणत्या खंडित, यावरून ठरतो. स्लॅब बीमवरून शेजारच्या पॅनेलमध्ये त्याच पातळीत पुढे जात असेल तर कड सलग. पुढे मोकळं आकाश, जिना किंवा डक्ट असेल तर खंडित. आपली खोली कोपऱ्यातली, म्हणून तिच्या लगतच्या दोन कडा खंडित: प्रकार ४. १.२ या प्रमाणाला आखूड दिशेचे गुणक आधारावर ०.०६० आणि मध्यात ०.०४५. लांब दिशेचे गुणक प्रमाणानुसार बदलत नाहीत. ते आधारावर ०.०४७ आणि मध्यात ०.०३५.

सूत्र दोन्ही दिशांना एकाच चालीचं आहे:

```
Mx = αx · w · lx²
My = αy · w · lx²
```

दुसऱ्या ओळीतही lx आहे, ही छपाईची चूक नव्हे. लांब दिशेचा मोमेंट काढतानाही आखूड स्पॅनचाच वर्ग घ्यायचा, कारण प्रमाणाचा परिणाम गुणकातच सामावलेला असतो. तिथे ly² घेतला तर आपल्या पॅनेलमध्ये लांब दिशेचा मोमेंट ४४ टक्क्यांनी फुगतो. त्याने स्लॅब पडणार नाही, पण तपासनिसाने असा आकडा पाहिला तर बाकीच्या गणितावर त्याचा विश्वास उरणार नाही.

w · lx² म्हणजे ९.१९ × १२.९६ = ११९.१. त्यावरून प्रति मीटर रुंदीचे चार मोमेंट मिळतात. आखूड दिशेला आधारावर ७.१५ आणि मध्यात ५.३६, लांब दिशेला आधारावर ५.६० आणि मध्यात ४.१७ किलोन्यूटन-मीटर. खोली पुरेशी आहे का? एम २० काँक्रीट आणि फे ५०० सळईला मर्यादा ०.१३३ · fck · b · d², म्हणजे सुमारे २७. आपला सर्वांत मोठा मोमेंट ७.१५. घरगुती स्लॅबमध्ये बहुधा असंच दिसतं: जाडी मोमेंटने ठरत नाही, झोलाने ठरते. टू-वे स्लॅबचा झोल तपासतानाही स्पॅन आखूडच घ्यायचा.

७.१५ साठी सळईचं क्षेत्रफळ सुमारे १७० चौरस मिमी प्रति मीटर येतं. मध्यातल्या ५.३६ ला १२६ पुरतं, पण किमान ०.१२ टक्के म्हणजे १५० द्यावंच लागतं. लांब दिशेची गरजही या किमानापेक्षा कमीच आहे. मग अंतर कशाने ठरणार? टू-वे स्लॅबमध्ये दोन्ही दिशांच्या सळया मुख्य असतात, म्हणून दोन्हींना ३d किंवा ३०० मिमी, यातली कमी मर्यादा लागते. वन-वे स्लॅबच्या वाटप सळईला चालणारी ५d किंवा ४५० ची सवलत इथे नाही. वरच्या थरासाठी ३ × ९३ = २७९. म्हणून ८ मिमी सळई २७५ मिमी अंतराने सगळीकडे चालते आणि १८३ चौरस मिमी मिळतात. साइटवर बरेच जण यापेक्षा जवळ सळया बांधतात. भेगांच्या दृष्टीने ते चांगलंच. पण गणित किती मागतं ते ठाऊक असलं की जादा सळई कुठे कामाची आणि कुठे वाया, हे ठरवता येतं.

आता त्याच खोलीत एक बदल करू. आखूड कडेपलीकडे संडास-बाथरूम आहे आणि त्याचा स्लॅब पाइपांसाठी खाली घेतलेला, म्हणजे संक आहे. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हे घरोघरी असतं. प्लॅनवर पॅनेल शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून कड सलग धरली जाते. सेक्शन काढून पाहिलं की कळतं, आपल्या स्लॅबची वरची सळई बीमपाशी येऊन संपते. पलीकडचा स्लॅब फूटभर खाली आहे. कड खंडित झाली. आता तीन कडा खंडित आणि एकच लांब कड सलग: प्रकार ७. आखूड दिशेला आधारावर ०.०७१ म्हणजे ८.४६, मध्यात ०.०५३ म्हणजे ६.३१, आणि लांब दिशेला मध्यात ०.०४३ म्हणजे ५.१२. मध्यातले मोमेंट १८ ते २३ टक्क्यांनी वाढले, तेही खोलीचं माप एका मिलिमीटरनेही न बदलता. म्हणून तक्ता उघडण्याआधी आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर प्रत्येक संक भाग रंगवून घ्यावा.

कडांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ होतो. ‘एक आखूड कड खंडित’ हा प्रकार २ आणि ‘एक लांब कड खंडित’ हा प्रकार ३. आखूड दिशेच्या सळया टेकतात त्या लांब कडांवर, त्यामुळे लांब कड खंडित झाली की फटका मुख्य दिशेला बसतो. प्रमाण १.५ असताना आखूड दिशेच्या मध्यावर प्रकार २ चा गुणक ०.०४४ आणि प्रकार ३ चा ०.०५१. प्रकार ३ च्या जागी प्रकार २ धरला गेला तर हा मोमेंट सुमारे चौदा टक्के कमी धरला जातो.

शेजारच्या पॅनेलच्या गणितातून त्याच बीमवर वेगळा मोमेंट येईल. दोन्हींतला मोठा घ्यावा आणि वरची सळई दोन्ही बाजूंना त्यानुसार न्यावी.

तक्ता २६ वापरला की कोपऱ्यांची सळई द्यावीच लागते, कारण कोपरे उचलले जाणार नाहीत या गृहीतावरच त्यातले गुणक कमी ठेवले आहेत. चारही कडा खंडित असलेल्या पॅनेलला १.२ प्रमाणासाठी तक्ता २६ मध्ये ०.०७२ आहे, कोपरे मोकळे असतील तर तक्ता २७ मध्ये ०.०८४. फ्रेमच्या इमारतीत स्लॅब बीमशी एकसंध असतो, तिथे तक्ता २६. विटांच्या भिंतीवर नुसता टेकलेला आणि वर काही वजन नसलेला गच्चीचा स्लॅब असेल तर तक्ता २७. आपल्या खोलीत इमारतीच्या कोपऱ्यावर दोन्ही कडा खंडित आहेत. तिथे आखूड स्पॅनचा पाचवा भाग, म्हणजे ७२० मिमी लांबी-रुंदीची जाळी वर आणि खाली द्यायची. दोन जाळ्या म्हणजे चार थर, आणि प्रत्येक थरात मध्यातल्या गरजेच्या तीनचतुर्थांश, म्हणजे १२६ चे ९५ चौरस मिमी प्रति मीटर. एकच कड खंडित असलेल्या कोपऱ्यात याच्या निम्मी, आणि दोन्ही सलग असतील तिथे काही नाही. जाळी विसरली गेली की कोपऱ्यावर वरून तिरकी भेग येते, कर्णाला छेद देणारी. गच्चीच्या कोपऱ्यातल्या गळतीची तक्रार आली की ही भेग आधी शोधावी.

आता कन्सील्ड बीमकडे परत जाऊ, कारण त्याची किंमत आपल्या आकड्यांतून नीट दिसते. समजा आपल्या खोलीच्या दोन्ही लांब कडांवरचे बीम कन्सील्ड होते आणि तरी गणित टू-वे धरून झालं. प्रत्यक्षात स्लॅबचा भार ४.३२ मीटरच्या दिशेनेच जाणार. एका टोकाला सलग धरून ढोबळ wl²/१० घेतला तरी ९.१९ × १८.६६ / १० म्हणजे १७ किलोन्यूटन-मीटर. आपण त्या दिशेला मध्यात ४.१७ धरले होते, आणि २७५ अंतराच्या सळयांची ताकद जेमतेम ७ आहे. प्रमाण १.२ होतं, भागाकार अचूक होता, तक्ता बरोबर वाचला होता; चूक त्याच्या आधीच्या पायरीवर झाली होती. अशा स्लॅबखाली प्लास्टरवर मध्यभागी आखूड कडांना समांतर भेगा दिसतात आणि स्लॅब लांबीच्या दिशेने झोळलेला जाणवतो. दोरी ताणून झोल मोजावा. तो वाढत असेल तर स्लॅबखाली टेकू देऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावा. नुसती पुट्टी भरून विषय मिटवू नये.

काँक्रीट टाकण्याआधी साइटवर दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली, सर्वांत खालच्या थरातली सळई आखूड बाजूला समांतर आहे का. आखूड दिशेचा मोमेंट मोठा, म्हणून तिला १०१ ची खोली मिळायला हवी. फिटरने थर उलटे बांधले तर त्या दिशेची ताकद आठ टक्क्यांनी घटते, आणि बांधून झाल्यावर वरून पाहिलं तर जाळी दोन्ही प्रकारांत सारखीच दिसते. कडेला बसून बाजूने बघावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे बीमवरची वरची सळई. काँक्रीटच्या दिवशी पाट्या घेऊन माणसं तिच्यावरूनच ये-जा करतात. चेअर कमी असतील तर ती दबते. आपल्या पॅनेलमध्ये २७५ अंतराच्या सळयांची आधारावरची ताकद ७.७ आहे आणि गरज ७.१५. सळई ३० मिमी खाली बसली की प्रभावी खोली ७१ उरते आणि ताकद ५.३ वर येते. मग बीमच्या अंगालगत स्लॅबच्या माथ्यावर लांब भेग पडते, सुटलेला मोमेंट मध्याकडे सरकतो आणि झोलही वाढतो. एक मीटरच्या आत चेअर असावेत, चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात, आणि काँक्रीट त्या भागात पोचण्याआधी एका माणसाने हुक घेऊन दबलेल्या सळया पुन्हा वर उचलत पुढे जावं.